'आमच्या घरात सगळ्यांचाच घोळणा फुटतो': लेकीच्या अति रक्तस्रावाचं निदान होईपर्यंत

सईची पहिली पाळी जून २०२३ मध्ये आली आणि तिला व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार आहे, हे आम्हाला एप्रिल २०२४ मध्ये कळलं. मधल्या काळात आम्ही काय काय केलं, कुठे अडकलो, किती पैसे गेले आणि नेमक्या कोणत्या प्रश्नाने गाडी रुळावर आली, ते लिहून ठेवते आहे. सई हे तिचं खरं नाव नाही. तिने हे वाचलं, दोन ठिकाणी 'आई, हे काढ' म्हणाली, ते काढलं, आणि उरलेलं तिच्या परवानगीने इथे आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते.

सई तेव्हा सातवीत होती, बारा वर्षांची. पहिलीच पाळी अकरा दिवस चालली. सुरुवातीला असं होतं, हे मला माहीत होतं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पहिली दोन-तीन वर्षं शरीरातल्या हार्मोन्सची घडी बसलेली नसते, बीज दर महिन्याला तयार होत नाही, त्यामुळे पाळी मागेपुढे होते, कधी लांबते. हे खरंच आहे आणि बहुतेक मुलींच्या बाबतीत तेवढंच कारण असतं. पण सईची पाळी मागेपुढे होत नव्हती. दर महिन्याला वेळेवर यायची आणि आली की नळ सोडल्यासारखं अंगावरून जायचं. रात्रीचा मोठा पॅड लावून झोपली तरी दोनदा उठावं लागायचं. शाळेत दुसऱ्या तासाला बदललेला पॅड मधल्या सुट्टीपर्यंत भरलेला असायचा. आंघोळीच्या वेळी मोठ्या गाठी पडायच्या, दोन रुपयांच्या नाण्याहून मोठ्या. ती बाथरूममधून हाक मारायची आणि मी आत गेले की भिंतीला टेकून उभी असायची.

जुलैत रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.१. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. पोटाची सोनोग्राफी झाली, बाराशे रुपये. गर्भाशय नॉर्मल, अंडाशय नॉर्मल, थायरॉइडची तपासणी नॉर्मल. पोटदुखीसाठी एक गोळी लिहून दिली, ती सई दर पाळीत घ्यायची. त्या गोळीबद्दल पुढे सांगते.

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमची पाळी कशी होती?" माझी अगदी साधी, चार दिवसांची. माझ्या आईची आणि बहिणीचीही तशीच. "मग आनुवंशिक काही दिसत नाही," असं म्हणून तो विषय तिथे संपला. पाळीचा त्रास म्हणजे आईकडून आलेला, असं आपणही धरून चालतो. सईच्या बाबांना त्या खोलीत कोणी काही विचारलं नाही. ते बाहेर बाकावर बसले होते.

गणपतीत एकदा शाळेच्या वर्गात उठताना तिला चक्कर आली. घरात सगळ्यांनी आपापले उपाय सांगितले. बीट, खजूर, डाळिंब, गुलकंद, 'अंगात उष्णता फार आहे' म्हणून सब्जा. ती सगळं मुकाट्याने खायची. दिवाळीच्या आठवड्यात पाळी आली ती थांबेचना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ओठ पांढरे दिसायला लागले, जिना चढताना धाप लागली, आणि आम्ही तिला एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. हिमोग्लोबिन ६.२. एक पिशवी रक्त चढवलं, स्राव थांबवायला हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. तीन रात्री राहिलो. औषधं आणि रक्त धरून बिल अठ्ठावीस हजारांच्या आसपास झालं. मेडिक्लेम होता, पण आधी पैसे भरून मग परत मिळवावे लागले. त्यासाठी डिस्चार्ज कार्डची मूळ प्रत, रक्तपेढीची पावती आणि प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट मागितला. रक्तपेढीची पावती बहुतेक वेळा वॉर्डातच राहून जाते. ती मागून घ्या.

तिथे रक्त गोठण्याच्या तपासण्याही झाल्या. प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार. पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "रक्त गोठण्याचा काही प्रॉब्लेम नाही, ते आपण बघितलंय." मला हायसं वाटलं. ते वाक्य अपुरं होतं, हे कळायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तरुण डॉक्टर आल्या, सईची नाडी बघितली आणि तिच्या हातावरचे डाग बघत उभ्या राहिल्या. सलाईनच्या सुईपाशी काळंनिळं होतंच, पण दंडावर, नडगीवर, कमरेवरही होतं. "हे कशाने?" सई म्हणाली, "बेंच लागतो." डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मी त्याच रात्री फोनमध्ये लिहून घेतले, कारण तोपर्यंत हे कोणीच विचारलं नव्हतं.

पाळी सात दिवसांच्या पुढे जाते का? एका पॅडला दोन तास तरी होतात का, की त्याआधीच भरतो? पहिल्या पाळीपासूनच असं आहे, की मध्येच सुरू झालं? रक्त कमी झाल्याबद्दल याआधी उपचार झालेत का? नाकातून रक्त येतं का, किती वेळ, एका नाकपुडीतून की दोन्हींतून? ब्रश करताना हिरड्यांतून येतं का? दात काढला होता का, तेव्हा काय झालं? छोटी जखम किती वेळ वाहते?

सईचा घोळणा लहानपणापासून फुटतो. उन्हाळ्यात तर आठवड्यातून एकदा. आम्ही कांदा फोडून हुंगायला द्यायचो, डोक्यावर पाणी थापायचो, सासूबाई दुर्वांचा रस नाकात सोडायच्या. पंधरा-वीस मिनिटांनी थांबायचं. मी हे सांगत असताना सासूबाई कॉटशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, त्याचं काय एवढं! आमच्या घरात सगळ्यांचाच घोळणा फुटतो. हिच्या बापाचा तर दहावीच्या पेपरात फुटला होता."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "सगळ्यांचा म्हणजे कोणाकोणाचा, आजी?"

आणि मग अर्ध्या तासात आमच्या घराण्याचा असा इतिहास बाहेर आला, जो मी लग्नाला पंधरा वर्षं होऊनही सलग कधी ऐकला नव्हता. सईच्या बाबांची अक्कलदाढ काढली तेव्हा रात्री अकराला परत दवाखाना उघडायला लावून टाके घालावे लागले होते. 'दाढ अवघड होती' एवढंच आम्ही म्हणत आलो. माझ्या नणंदेची, म्हणजे सईच्या आत्याची, पिशवी पस्तिसाव्या वर्षी काढली. कारण एकच, अंगावरून फार जायचं. काढलेल्या पिशवीच्या तपासणीत गाठ वगैरे काही सापडलं नव्हतं. तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, सुटली. सासूबाई स्वतः दुसऱ्या बाळंतपणात सिन्नरला मरता मरता वाचल्या. बाळंत झाल्यावर आठव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव सुरू झाला आणि रक्त द्यायला गावातली माणसं टेम्पोतून आली.

डॉक्टरांनी कागदावर घराण्याचा नकाशा काढला, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि ज्यांना काही झालं होतं त्यांच्यात काळं भरलं. माझ्या बाजूला सगळं कोरं होतं. बाबांच्या बाजूला आजी, आत्या आणि बाबा, तिघेही काळे. "ताई, तुमची पाळी नॉर्मल असण्याचा इथे काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "हे वडिलांकडून आलेलं असू शकतं. पुरुषांना पाळी नसते, म्हणून त्यांच्यात ते लपून राहतं. नाक, दात, ऑपरेशन, एवढ्याच ठिकाणी डोकं वर काढतं."

मी विचारलं, "पण गोठण्याच्या टेस्ट नॉर्मल आल्यात ना?"

त्यांनी सोपं करून सांगितलं. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट तिथे जाऊन चिकटतात. त्यांना चिकटवणारं एक प्रथिन असतं, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. ते कमी असेल तर विटा हव्या तेवढ्या असूनही सिमेंट नसल्यासारखं होतं. प्लेटलेटची संख्या मोजणं म्हणजे विटा मोजणं, त्यात सिमेंट दिसत नाही. पीटी आणि एपीटीटी या तपासण्या तर प्लेटलेटच्या पुढची पायरी बघतात. हेच प्रथिन रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ या घटकालाही सांभाळून ठेवतं, त्यामुळे ते फारच कमी झालं तर फॅक्टर आठ घसरतो आणि मग एपीटीटी लांबतो. सौम्य आजारात तो बहुधा नॉर्मलच येतो. म्हणजे या तपासण्या नॉर्मल आल्या तर आजार नाही असं होत नाही, वेगळ्या तपासण्या मागवाव्या लागतात.

नाक, हिरड्या आणि गर्भाशय, म्हणजे जिथे जिथे आतलं नाजूक अस्तर आहे तिथे, आणि कातडीवर हा आजार दिसतो. सांध्यात रक्त साचणं हे हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या दुसऱ्या आजाराचं लक्षण, ते यात सहसा नसतं. म्हणून मुलगी घरात फिरते, शाळेत जाते, आणि कोणाला 'रक्ताचा आजार' असा शब्दच सुचत नाही. पाळी सुरू झाली की शरीर दर महिन्याला स्वतःची परीक्षा घेतं, आणि तिथे तो उघडा पडतो. शंका घ्यायला हवी ती याच टप्प्यावर, हे त्या डॉक्टर ठामपणे म्हणाल्या. पहिल्या पाळीपासून अति स्राव, त्यातून रक्त चढवायची वेळ, आणि घरातल्या एकाला तरी दात काढताना, बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये जास्त रक्त गेलेलं, एवढं असलं की पुढच्या तपासण्या करायच्याच.

डिस्चार्जच्या कागदावर त्यांनी रक्तविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. आणि एक गोळी लाल शाईने खोडली, ती पोटदुखीची. तिच्यात मेफेनॅमिक अॅसिड होतं. अशा गोळ्या, तशाच आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन, प्लेटलेटचं काम मंद करतात. साध्या मुलीला त्या चालतात, किंबहुना पाळीच्या दुखण्यावर त्याच देतात. पण रक्तस्रावाच्या आजाराची शंका असेल तर टाळायच्या आणि दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यायची. मेडिकलच्या दुकानात 'पाळीत पोट दुखतंय' म्हटलं की हीच गोळी पुढे येते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

रक्तविकारतज्ज्ञांची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. तोवर मी त्या तरुण डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाळीचा तक्ता ठेवला. हा तक्ता फार उपयोगी आहे. प्रत्येक पॅड टाकताना बघायचं. थोडासा डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजला असेल तर ५, पूर्ण भरला असेल तर २०. लहान गाठीला १, मोठीला ५. एका पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर स्राव जास्त आहे असं धरतात. दिवाळीच्या पाळीचे पॅड मला बऱ्यापैकी आठवत होते, त्यावरून मांडून बघितलं. पूर्ण भरलेले सोळा म्हणजे ३२०, मध्यम नऊ म्हणजे ४५, हलके सहा म्हणजे ६, मोठ्या गाठी चार म्हणजे २०. बेरीज ३९१. हा अंदाजच असतो, पण 'खूप जातं' आणि '३९१' यांत डॉक्टरांच्या टेबलावर फरक पडतो. सईला आधी लाज वाटली. मग ती स्वतःच कॅलेंडरवर रेघा मारायला लागली.

डिसेंबरमध्ये नाशिकच्याच एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. तीन तपासण्यांचा संच होता. प्रथिन किती आहे, ते काम किती करतं आणि फॅक्टर आठ किती. साडेसहा हजार रुपये. नमुना मुंबईला पाठवणार होते. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, प्रमाण ७१ टक्के. लॅबच्या कागदावर नॉर्मलची खालची हद्द ५० होती. घरात सगळे म्हणाले, चला, सुटलो. नणंद म्हणाली, "वहिनी, उगाच घाबरवलं त्या डॉक्टरांनी."

रक्तविकारतज्ज्ञांनी मात्र रिपोर्ट बघून आधी विचारलं, "रक्त घेतलं तेव्हा ती हार्मोनच्या गोळ्या घेत होती का?" घेत होती. त्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन होतं आणि इस्ट्रोजेनने हे प्रथिन वाढतं. "रडली होती का?" हो, सुई दोनदा टोचावी लागली, चांगलीच रडली होती. ताण, रडणं, ताप, नुकतंच झालेलं इन्फेक्शन, धावपळ, या सगळ्यांनी आकडा वर जातो. दिवाळीला इतकं रक्त गेलं होतं, तेव्हाही तो चढलेलाच असणार. त्यामुळे एका नॉर्मल आकड्यावर हा आजार नाकारता येत नाही. लक्षणं बोलत असतील तर तपासणी पुन्हा करायची, दोनदा, तिनदा.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हा नमुना नाजूक असतो. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरावं लागतं, कमी भरलं तर नळीतल्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं प्रमाण बिघडतं. रक्त फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवलं तर प्रथिन घटतं आणि नसलेला आजार दिसतो. आधी वरचा द्रव वेगळा करून मग तो गोठवून पाठवायचा असतो. म्हणून शक्य असेल तर रक्त जिथे तपासतात तिथेच जाऊन द्यावं.

ते 'तिथे' म्हणजे परळ. केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे, एनआयआयएच नावाने ओळखली जाते. रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे काम चालतं. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावर, फेब्रुवारीत, हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पुढच्या पाळीला स्राव कमी करणारी ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची गोळी हाताशी ठेवली. मार्चमधल्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं ठरलं, कारण पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत हे प्रथिन सर्वांत खाली असतं. पण पाळी काही रिझर्व्हेशन बघून येत नाही. मी रजेचा अर्ज तारीख न टाकता साहेबांकडे ठेवला होता.

पाळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरली. सीट मिळाली ती डब्याच्या मधोमध, टीसींना सांगून दाराजवळच्या बाईंशी बदलून घेतली, म्हणजे टॉयलेट जवळ. काळी सलवार, दोन पॅड एकावर एक, सीटवर जुनी चादर आणि खाली प्लास्टिक, पिशवीत कपड्यांचा आणखी एक जोड. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा ती एकदा जाऊन आली, कल्याणला पुन्हा. दादरला उतरून टॅक्सी केली. बाबांनाही बरोबर नेलं होतं, त्यांचंही रक्त द्यायचं होतं. कागद सगळे दोन प्रतींत नेले होते. चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, आधीचा रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं आणि घराण्याचा तो नकाशा. नकाशा सर्वांत जास्त कामाला आला.

तिथे रक्त घेण्याआधी तिला वीस मिनिटं शांत बसवलं. जिने चढून आल्या आल्या सुई टोचू नका, असं आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंच होतं. घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "कितवीत?" सई म्हणाली, "सातवी, वार्षिक परीक्षा आलीये." "आवडता विषय?" "भूगोल." तेवढ्यात निळ्या टोपणाच्या नळ्या भरल्या होत्या. या वेळी रडली नाही. संध्याकाळच्या पंचवटीने परत आलो, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ती कसाऱ्यापर्यंत झोपली.

रिपोर्ट यायला साधारण तीन आठवडे लागले. सई: प्रथिन ३४ टक्के, त्याचं काम ३१ टक्के, फॅक्टर आठ ५८ टक्के. बाबा: प्रथिन ४१, काम ३९.

डॉक्टरांनी आकड्यांचा अर्थ असा लावला. ३० च्या खाली आकडा असला तर रक्तस्राव असो वा नसो, निदान पक्कं. ३० ते ५० च्या मधे असेल आणि रक्तस्रावाचा इतिहास असेल, तरीही व्हॉन विलेब्रँडच धरायचा. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. सईचा इतिहास तर समोर होता. काम आणि प्रमाण यांचं गुणोत्तर, ३१ भागिले ३४, ०.९ च्या आसपास येतं. ते ०.७ च्या वर असलं की प्रथिन कमी आहे पण जे आहे ते चांगलं आहे, म्हणजे टाइप १, सगळ्यांत जास्त आढळणारा आणि तुलनेने सौम्य. गुणोत्तर बरंच कमी असतं तर प्रथिनाची घडणच बिघडलेली, तो टाइप २. प्रथिन जवळजवळ नसतंच तो टाइप ३. तो आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर होतो, म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याचा विचार आधी करतात. सईचा रक्तगट ओ आहे. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन मुळातच इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असतं. मी आशेने विचारलं, मग रक्तगटामुळेच कमी असेल का? ते म्हणाले, "थोडं त्यामुळेही असेल. पण शरीराला कारणाशी देणंघेणं नसतं ताई. रक्त वाहतंय आणि आकडा कमी आहे, उपचार करायचाच."

त्या रात्री मी या आजाराबद्दल वाचत बसले. एरिक व्हॉन विलेब्रँड हे फिनलंडचे डॉक्टर. १९२६ मध्ये त्यांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, सुरुवात पाच वर्षांच्या एका मुलीपासून. तिच्या बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने गेल्या होत्या. ती वाचली, वयात आली आणि चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. सई शेजारच्या खोलीत झोपली होती. मी उठून तिच्या खोलीत गेले आणि पांघरुणाबाहेर आलेला तिचा हात बराच वेळ धरून बसले. त्या मुलीचा आजार टाइप ३ होता, सईचा तसा नाही, हे मला माहीत होतं, तरीही.

उपचार मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. पाळीच्या पहिल्या दिवसापासून ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या पाचशेच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. ही गोळी रक्त गोठवत नाही, गोठलेली गाठ लवकर विरघळू देत नाही. वेळ चुकवली तर परिणाम दिसतो, म्हणून शाळेच्या डब्याबरोबर दुपारची पुडी जाते. महिन्याला खर्च चारशेच्या आतबाहेर, जेनेरिक घेतली तर कमी. कोणाला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर ही चालत नाही, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांबरोबर स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. पहिल्या पाळीत तक्त्याची बेरीज १८० झाली, तिसऱ्या पाळीत ११० च्या जवळ. १०० च्या खाली दर वेळी येत नाही, पण ती रात्री झोपते. हे पुरेनासं झालं तर पुन्हा हार्मोनचा पर्याय आहे, हे प्रथिन तात्पुरतं वाढवणारं डेस्मोप्रेसिन आहे, आणि मोठ्या ऑपरेशनला बाहेरून फॅक्टर देतात.

लोहाच्या बाबतीत एक सांगते, कारण इथे बरेच जण घाईने थांबतात. हिमोग्लोबिन १२ झालं की गोळ्या बंद करायचा मोह होतो. सईचं हिमोग्लोबिन सुधारलं तेव्हाही फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, ९ च होतं. सुरुवातीला ते ५ होतं. थकवा, केस गळणं, अभ्यासात लक्ष न लागणं, हे त्या रिकाम्या साठ्याचं होतं. आमच्या डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड दिली, रोज घेण्यापेक्षा अशी जास्त शोषली जाते आणि पोटही कमी बिघडतं. चहाच्या वेळी नाही, लिंबू पाण्याबरोबर. ३० च्या वर यायला आठ महिने लागले. ही तपासणी सातशे रुपयांची आहे आणि ती आम्हाला पहिल्या पाच महिन्यांत कोणी सांगितली नव्हती.

शाळेत मी मुख्याध्यापिकांना डॉक्टरांचं पत्र दिलं. मधल्या तासाला न विचारता बाहेर जायची परवानगी आणि मार लागेल अशा खेळांत काळजी, एवढंच मागितलं. वर्गशिक्षिका बाईंनी कपाटात पॅड ठेवायला सुरुवात केली, ते आता बाकीच्या मुलीही घेतात. सईच्या दप्तरात एक कार्ड आहे. त्यावर आजाराचं नाव, टाइप, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली: अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक नको, दात काढण्याआधी, ऑपरेशनआधी आणि दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे, तिथेही रिपोर्ट दाखवून ठेवले. अपघात झाला तर कोणत्या दाराने जायचं ते आधीच माहीत असावं.

आत्याचीही तपासणी केली. तिचं वय आता सत्तेचाळीस. आकडा ५४ आला. वय वाढतं तसं हे प्रथिन वाढत जातं, त्यामुळे पस्तिसाव्या वर्षी तो किती होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ती रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे पिशवी काढायची गरज नव्हती का ग?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

सईला आहे तसा टाइप १ आई किंवा वडील, ज्याला असेल त्याच्याकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. म्हणून सईच्या धाकट्या भावाचंही रक्त दिलं, त्याचा आकडा ८८ आला. त्याला सर्दीने ताप येऊन गेला होता, तेव्हा डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. आत्याची मुलगी गेल्या महिन्यात वयात आली. पहिलीच पाळी नऊ दिवस चालली. मी वन्संना सईच्या रिपोर्टच्या आणि घराण्याच्या नकाशाच्या झेरॉक्स पाठवल्या आहेत, तक्ता कसा भरायचा ते फोनवर सांगितलंय, आणि पुढची पाळी आली की दुसऱ्या दिवशीची पंचवटी आम्ही चौघी मिळून धरणार आहोत.